मैलांवरचे विमान तिकीट

क्रेडिट कार्डावर खर्च केल्यावर जमणारे पॉइंट आणि विमान कंपन्यांचे मैल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक ठरावीक दराने पॉइंटांचे मैल करून देते आणि त्या मैलांवर विमान कंपनी तिकीट देते. हा व्यवहार एकेरी असतो. एकदा गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, शिवाय मैलांना मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे मैल 3 वर्षांनी बाद होतात. म्हणून आधी जागा शोधायची आणि पॉइंट सगळ्यात शेवटी हलवायचे.

खरी अडचण जागेचीच. विमानात रिकाम्या दिसणाऱ्या सगळ्या जागा मैलांवर मिळत नाहीत. पैसे देऊन विकल्या जाणार नाहीत असा अंदाज असलेल्या थोड्याच जागा कंपनी स्वस्त मैलदरात सोडते. त्यामुळे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत त्या क्वचितच हाती लागतात. क्रिसफ्लायरवर स्वस्त दर ‘सेव्हर’, तर ‘ॲडव्हान्टेज’मध्ये जागा तुलनेने सहज मिळते, पण मैल बरेच जास्त लागतात. प्रवासाच्या सुमारे वर्षभर आधी, नाहीतर अगदी शेवटच्या दिवसांत, शोध घेतलेला बरा. दुसऱ्या कंपनीच्या मैलांवर जागा शोधताना एक फसगत होते: पडद्यावर जागा दिसते, पण पैसे भरण्याच्या पायरीवर व्यवहार अडतो. अशी जागा त्याच विमानगटातल्या आणखी एका कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावी किंवा फोन करून विचारावी, आणि मगच पॉइंट हलवावेत.

तिकीट ‘फुकट’ म्हटले तरी कर रोख भरावे लागतात. त्यातले विमानतळ शुल्क आणि सरकारी कर टळत नाहीत. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला तिथला प्रवासी कर द्यावा लागतो, तिथे उतरणाऱ्याला नाही. बिझनेस वर्गात तो आणखी वाढतो. त्यामुळे मुंबई-लंडनपेक्षा लंडन-मुंबईच्या तिकिटावर हा बोजा जास्त. इकॉनॉमीतल्या 16 वर्षांखालच्या मुलांना मात्र तो माफ आहे. दुसरा भाग कंपनीने स्वतः लावलेल्या अधिभाराचा. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या प्रवासात तो चांगलाच झोंबतो. सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या विमानांच्या मैल-तिकिटांवरचा इंधन अधिभार 2017 मध्ये काढून टाकला.

सौदा परवडतो का, हे एका भागाकाराने कळते. समजा, एका तिकिटाची रोख किंमत 30,000 रुपये आहे. तेच मैलांवर घ्यायला 20,000 मैल आणि 6,000 रुपये कर लागतो. वाचले 24,000, म्हणजे मैलाला 1 रुपया 20 पैसे मिळाले. बँक 2 पॉइंटांना 1 मैल देत असेल, तर पॉइंटाला 60 पैसे पडले. तीच बँक एका पॉइंटामागे 70 पैसे बिलातून वळते करत असेल, तर हे तिकीट रोखीने घेणेच शहाणपणाचे. कर 6,000 ऐवजी 14,000 झाला, तर पॉइंटाची किंमत 40 पैशांवर येते.