‘यू’चं जपानी आणि कोरियन करताना



माझा भाचा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात आहे. मध्यंतरी तिथे यंत्र बसवायला कोरियाहून आणि जपानहून माणसं आली होती. निवृत्तीनंतर मी या दोन भाषा हौसेने शिकलो, म्हणून तो एक इंग्रजी निरोप घेऊन आला: ‘थँक्स फॉर येस्टरडे! यू कमिंग फॉर लंच टुमॉरो?’

‘‘मामा, एवढं त्यांच्या भाषेत करून द्या. दोन्हीकडे एकेक माझ्या वयाचा आहे आणि एकेक मोठे साहेब. चौघांना तेच पाठवतो.’’

तेच पाठवून चालत नाही. इंग्रजी ‘यू’ला नातं कळत नाही, पण या दोन्ही भाषांत नातं ठरवल्याशिवाय वाक्य संपवताच येत नाही.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. घरात आपण भावाला सांगतो, ‘ए, बाबा आले बघ.’ ‘ए’ आणि ‘बघ’ भावासाठी, ‘आले’ बाबांसाठी. म्हणजे कोणाशी बोलतो आणि कोणाबद्दल बोलतो, हे दोन हिशोब वेगळे. कोरियनमध्ये मित्राला ‘मालक आले’ सांगायचं तर ‘साजांगनिम ओश्योस्सो’. त्यातला ‘श्यो’ मालकांचा मान आहे आणि शेवटचा ‘स्सो’ मित्राशी असलेली सलगी.

आता भाच्याचा निरोप. जपानी मित्राला: ‘किनो वा आरिगातो! आशिता, ओहिरु कुरु?’ साहेबांना: ‘किनो वा आरिगातो गोझाइमाशिता. आशिता नो ओहिरु, इराश्शाइमासु का?’ इथे नुसता शेवट बदलला नाही. ‘येणे’ हे क्रियापदच ‘कुरु’चं ‘इराश्शारु’ झालं, कारण येणारे साहेब आहेत. ‘मासु’ आला, कारण वाचणारेही साहेब आहेत.

कोरियन मित्राला: ‘ओजे कोमावोस्सो! नेइल चॉम्शिम मोगुरो वा?’ साहेबांना: ‘पुजांगनिम, ओजे काम्साहेस्सुम्निदा. नेइल चॉम्शिमे ओसेयो?’ ‘वा’ आणि ‘ओसेयो’ दोन्ही ‘येणे’चीच रूपं. ‘ओसेयो’मधला ‘से’ येणाऱ्याचा मान, ‘यो’ ऐकणाऱ्याचा.

मोठ्यांच्या दोन्ही वाक्यांत ‘तुम्ही’ कुठेच नाही, हे पाहिलंत? जपानीत ‘आनाता’ आणि कोरियनमध्ये ‘तांगशिन’ हे शब्द कोशात ‘तुम्ही’ म्हणून सापडतात. पण वरिष्ठाला ‘आनाता’ म्हटलं की खटकतं, आणि अनोळखी माणसाला ‘तांगशिन’ म्हटलं तर भांडण काढल्यासारखं वाटतं. तिथे हुद्दा वापरायचा. पुजांगनिम म्हणजे विभागप्रमुख साहेब. नाहीतर सर्वनाम सरळ गाळायचं. आपला ‘आपण’ तिथे घेऊन जाता येत नाही.

मराठी माणसाची एक चूक मात्र हमखास होते, आणि ती फक्त जपानीत. बाहेरच्या माणसाने आपल्या साहेबांची चौकशी केली की आपण म्हणतो, ‘साहेब जागेवर नाहीत.’ कोरियनमध्येही मान तसाच राहतो: ‘पुजांगनिम, चिगुम जारिए आन ग्येशिम्निदा.’ जपानीत बाहेरच्यापुढे आपला साहेब आपल्याच बाजूचा, म्हणून त्याचा मान काढून घेतात: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु.’ नुसतं ‘तानाका’, पुढे ‘सान’सुद्धा नाही. माझ्या बँकेत कोणी असं बोललं असतं तर संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं असतं!

‘मित्र’ या शब्दानेही फसगत होते. कोरियन ‘चिंगु’ म्हणजे साधारण एकाच वयाचा. म्हणून पहिल्या भेटीतच वय विचारतात, त्यात उद्धटपणा नाही. भाच्याचा ‘त्याच्याच वयाचा’ इंजिनिअर दोन वर्षांनी मोठा निघाला. मग मी वरचं मित्राचं वाक्य मागे घेतलं आणि दोन्ही शेवटांना ‘यो’ जोडून दिला: ‘कोमावोस्सोयो’, ‘मोगुरो वायो?’ सलगीची भाषा, म्हणजे ‘बानमाल’, सुरू करायची परवानगी मोठ्याने द्यायची असते. धाकटा फार तर ‘माल नोउसेयो’, म्हणजे मोकळेपणी बोला, असं सुचवू शकतो, तेही समोरच्याने आपल्याशी तसं बोलावं म्हणून.

निरोप पाठवण्याआधी मी त्याला फक्त वाक्यांचे शेवट वाचायला लावले. एक वाक्य ‘मासु’वर आणि पुढचं ‘कुरु’वर संपलं, तर अर्थ बरोबर असूनही मजकूर अर्धवट कपडे घातल्यासारखा दिसतो.

कोरियन साहेबांचं उत्तर लगेच आलं: ‘उंग, काल्के.’ हो, येतो. अगदी सलगीचं. भाचा खूश होऊन तशाच भाषेत उत्तर लिहायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. मोठ्याने खाली सलगीने बोलणं ही वर तसं बोलण्याची परवानगी नव्हे. त्याने लिहिलं: ‘ने, आल्गेस्सुम्निदा.’