डिपॉझिट ठेवा, केअरफुली काढा

हिंजवडीत किंवा ठाण्यात पहिल्यांदाच घर भाड्याने घेणाऱ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलामुलींसाठी इन्स्टाग्रामवर दहा स्लाइड्सची एक पोस्ट करायची आहे, असे समजा. एका स्लाइडवर जेमतेम वीस-पंचवीस शब्द. माहिती गोळा झालेली असते, रंगही ठरलेले असतात आणि मग मजकूर लिहिणाऱ्यांत जुंपते. ‘अनामत रक्कम’ की ‘डिपॉझिट’? ‘नोंदणी’ की ‘रजिस्ट्रेशन’? एकाला वाटते, इंग्रजी जितके जास्त तितकी पोस्ट तरुण. दुसऱ्याला प्रत्येक इंग्रजी शब्द खड्यासारखा टोचतो.

वाद सोडवायचा तर तीच स्लाइड तीन तऱ्हांनी लिहून पाहावी. पहिली: ‘अनामत रकमेच्या परताव्याबाबतची तरतूद करारनाम्यात समाविष्ट आहे अथवा नाही, याची खातरजमा करावी.’ दुसरी: ‘साइन करण्याआधी ॲग्रीमेंटमधला डिपॉझिट रिफंडचा क्लॉज केअरफुली रीड करा, नाहीतर इश्यू होऊ शकतो.’ तिसरी: ‘सही करण्याआधी बघा, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल हे करारात लिहिलंय का?’

पहिलीत इंग्रजी शब्द एकही नाही. दुसरीत आठ आहेत. तिसरीत फक्त एक, आणि तरीही तरुण वाचकाला आपल्यातल्याच कुणीतरी सांगितल्यासारखी वाटेल ती तिसरीच. याचे श्रेय त्या एकुलत्या ‘डिपॉझिट’पेक्षा ‘बघा’ आणि ‘लिहिलंय का’ या बोलत्या क्रियापदांना जास्त आहे. पहिल्या स्लाइडला म्हातारपण आणले ते ‘समाविष्ट आहे अथवा नाही’ आणि ‘करावी’ या कचेरीच्या वळणाने. शब्दांच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. तसेही ‘अनामत’, ‘रक्कम’, ‘करार’, ‘सही’ हे सगळे अरबीतून आलेले पाहुणे कधीच घरचे झालेत, तेव्हा इथे शुद्धतेचा झेंडा रोवायला फारशी जागा नाही.

दुसऱ्या स्लाइडचे दुखणे वेगळे. शहरी मराठी माणूस बोलताना इंग्रजी नामे सहज घेतो आणि त्यांना मराठी प्रत्यय लावून मोकळा होतो: बसने, फ्लॅटमध्ये, लिंकवर. वाक्याचे सांधे मात्र मराठीच राहतात. ‘रीड करा’ आणि ‘केअरफुली’ या दोन शब्दांनी तेच सांधे निखळवले. ‘वाचा’ आणि ‘नीट’ हे रोजचे, छोटे शब्द हाताशी असताना त्यांच्या जागी आलेले इंग्रजी वाचकाला लगेच कळते, आणि लिहिणारा तरुण असल्याचे सोंग करतोय हेही कळते. म्हणून मजकूर तपासताना पहिली कात्री क्रियापदांवर आणि क्रियाविशेषणांवर चालवावी. अपवाद ‘क्लिक करा’सारख्यांचा, त्यांना बोलीत दुसरा पर्याय उरलेला नाही.

नामांचा निवाडा करायला एक प्रश्न बहुतेक वेळा पुरतो: घर घेताना हा शब्द वाचकाच्या कानावर पडणार आहे का, किंवा कागदावर दिसणार आहे का? एजंट ‘डिपॉझिट’च मागतो, ‘अनामत’ मागत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ झाले का विचारतो. हे दोन्ही शब्द ठेवावेत, कारण वाचकाला ते उद्याच ओळखायचे आहेत. ‘रेंट’ आणि ‘ओनर’ही कानावर पडतील, पण ‘भाडं’ आणि ‘घरमालक’ तितकेच पडतात. तिथे मराठी घ्यावे. ‘नोंदणी’चे तर आणखी सरळ आहे. जाड ठशात ‘रजिस्ट्रेशन’ अर्धी ओळ खाते आणि त्यातल्या जोडाक्षरांना ओळींमध्ये जास्त अंतर लागते. ‘नोंदणी’ तीन अक्षरांत काम उरकते. ‘ॲग्रीमेंट’च्या ‘ॲ’बद्दलही सावध राहिलेले बरे: काही नक्षीदार फाँटांत हे अक्षर नसतेच, त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो आणि पोस्ट पडल्यावरच तो लक्षात येतो.

याच पोस्टमध्ये एक जागा अशी आहे की जिथे सोपा मराठी शब्द फसवतो. लोक ज्याला ‘भाडेकरार’ म्हणतात तो शहरांत बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असतो. त्यात घर वापरण्याची परवानगी मिळते, कुळाचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. ‘अकराच महिन्यांचा तर आहे, नोंदणी कशाला?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. शीर्षकात ‘भाडेकरार’ खुशाल लिहावे, नाहीतर कुणी थांबणारच नाही. पण आत एका स्लाइडवर ते लांबलचक इंग्रजी नाव यायलाच हवे, कारण कागदावर तेच छापलेले असेल: ‘कागदावर लिव्ह अँड लायसन्स लिहिलंय? म्हणजे घर वापरायची परवानगी, ठरलेल्या मुदतीपुरती.’

कोणता शब्द रुळलाय आणि कोणता अजून उंबरठ्यावर आहे, हे ओळखायला मराठी व्याकरण मदतीला येते. दोघा-चौघांना शब्दाचे लिंग विचारावे. ‘लिंक’ सगळ्यांसाठी ‘ती’, ‘फ्लॅट’ सगळ्यांसाठी ‘तो’. पण ‘लॉक-इन’ विचारा: कुणी ‘लॉक-इन किती महिन्यांचा’ म्हणेल, कुणी ‘किती महिन्यांचं’. जिथे लिंगावर एकमत नाही, तिथे शब्द माहीत असेलच असे धरून चालू नये. ‘लॉक-इन’ करारात असतो म्हणून गाळताही येत नाही. मग त्याच स्लाइडवर उलगडावा: ‘लॉक-इन म्हणजे एवढे महिने घर सोडता येत नाही. सोडलंत तरी करारात असेल तर त्या महिन्यांचं भाडं द्यावं लागतं.’

‘त्याच स्लाइडवर’ हे महत्त्वाचे. लेखात एकदा अर्थ सांगितला की पुढे चालते. स्लाइडचे तसे नसते. लोक मधलीच एखादी स्लाइड स्क्रीनशॉट काढून रूममेटला पाठवतात. पहिली स्लाइड कुणी न थांबता पुढे सरकवली, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना अनेकदा दुसरी स्लाइड पुढे करते. तिसऱ्या स्लाइडवरचा खुलासा सातवीच्या उपयोगी पडत नाही. त्यामुळे न रुळलेला इंग्रजी शब्द एका स्लाइडवर एकच परवडतो. दोन झाले की उलगड्यालाच सगळी जागा जाते. रुळलेले दोन-तीन मात्र कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

‘शहरी तरुण’ म्हणजे कोण, हेही एकदा तपासून घ्यायला हवे. बाणेरला भाड्याने राहणाऱ्यांत लातूरहून, सांगलीहून नोकरीसाठी आलेले आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेले कितीतरी असतात. त्यांचे इंग्रजी तोंडी वापराचे असते: ‘ब्रोकरेज’, ‘नोटीस पिरियड’, ‘मेंटेनन्स’ त्यांना पाठ असते, पण ‘इंडेम्निटी’ किंवा ‘टर्मिनेशन क्लॉज’ समोर आला की ते स्लाइड सोडून देतात, आणि विचारतही नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांची अडचण उलटी. त्यांना ‘मुद्रांक शुल्क’ कळत नाही, ‘स्टॅम्प ड्युटी’ कळते. या एका जागी दोन्ही नावे शेजारी-शेजारी दिलेली बरी, कारण सरकारी पावतीवर एक असते आणि एजंटच्या तोंडी दुसरे.

शेवटची स्लाइड सहसा घाईत लिहिली जाते: ‘सेव्ह करा, शेअर करा, फॉलो करा.’ यातले ‘सेव्ह’ आणि ‘फॉलो’ ठेवायला हरकत नाही, ती बटणांचीच नावे आहेत. ‘शेअर करा’ऐवजी ‘घर शोधणाऱ्या मैत्रिणीला पाठवा’ लिहिले, तर कुणाला पाठवायचे तेही वाचकाला सुचते.