खारीतले भात आणि प्राणवायूचा दाह

पेणकडील दादर-वाशीच्या खारपट्ट्यात, किंवा रोह्याखाली कुंडलिकेच्या खाडीकाठी, बांधाला खांड पडून भरतीचे पाणी शेतात शिरले की भाताची पाती शेंड्याकडून पांढरी पडत करपतात. हे मिठाचे काम, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. परंतु मीठ पेशीला जाळते कसे, असे विचारले तर उत्तर बऱ्याच अंशी प्राणवायूपाशी येऊन पोचते.

भाताच्या पेशीत तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नावाचे सूक्ष्म घटक असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे एका साखळीतून हातोहात पुढे सरकतात. अखेरीस प्राणवायूच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून पाणी बनते. मिठाच्या ताणाने हा प्रवाह अडला, म्हणजे उघाडी बंद असता खाचरात पाणी तुंबावे तसे इलेक्ट्रॉन मध्येच साचतात, आणि एखादा वाटेतच प्राणवायूला जाऊन चिकटतो. असा एकच इलेक्ट्रॉन लाभलेला प्राणवायू म्हणजे सुपरऑक्साइड. उन्हात हरितकणांतही असेच घडते.

त्यावर पहिला पहारा सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचा. मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी ते १९६९ मध्ये ओळखले. ते दोन सुपरऑक्साइडांपासून एक हायड्रोजन पेरॉक्साइड व एक साधा प्राणवायू करते. पेरॉक्साइडही निरुपद्रवी नव्हे. कॅटालेज आणि अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही विकरे त्याचे पाणी करतात. कॅटालेजचे काम घरीही पाहता येते: औषधाच्या दुकानातील ३ टक्के पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाकावे, फेस येतो, उकडलेल्या फोडीवर येत नाही, कारण उष्णतेने विकर मरते.

पहारा अपुरा पडला, तर पेरॉक्साइड लोहाच्या संगतीने अतिशय जहाल हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते. ते पेशीपटलातील स्निग्ध रेणूंवर पडले की, तेल खवट व्हावे तशी साखळी सुरू होते, एक रेणू दुसऱ्याला बिघडवतो आणि पटल गळू लागते. प्रथिनांचा आकार बिघडून विकरे निकामी होतात. डीएनएमधील ग्वानीन ऑक्सिडित झाले, तर नक्कल होताना ते सायटोसीनऐवजी अॅडेनीनशी जोडले जाण्याचा संभव असतो, आणि मजकुरात चूक शिरते.

स्निग्धांचा हा नाश मोजण्यासाठी पानाच्या अर्कात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवतात. मॅलोनडायअल्डिहाइड असल्यास गुलाबी रंग येतो. मात्र अर्कातील शर्कराही मापात घोटाळा करतात, म्हणून एवढ्याच रंगावर निर्णय देऊ नये.

आणखी एक सावधगिरी. विकरे वाढलेली दिसली म्हणजे ते भात क्षारसह, असे ठरत नाही. कधी ती वाढ केवळ ताणाचीच खूण असते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारजमिनींसाठी ‘पनवेल’ नावाचे वाण काढले. अशा क्षारसह भातांचे बळ मुख्यत्वे सोडियम पानांपर्यंत चढू न देण्यात असते, विकरे त्याला साहाय्य करतात. ती जमिनीतले मीठ मात्र काढीत नाहीत. त्यासाठी पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडून ओहोटीला उघाडीवाटे सोडावे लागते, आणि मीठ धुपल्यावरच रोप लावावे लागते.