ओसाकाला नकार कळवताना

समजा, ओसाकाच्या एका कंपनीने चाकणच्या कारखान्याला पॅकिंगची यंत्रं पुरवण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. चाकणकरांना तो परवडत नाही. साहेब मजकूर सांगतात, ‘प्रस्तावाबद्दल आभार. तुमचे दर आमच्या बजेटबाहेर आहेत, त्यामुळे आम्हाला यात रस नाही.’ मराठीत हे जरा कोरडं वाटेल, पण चालून जाईल. जपानीत मात्र ‘रस नाही’चं शब्दशः ‘क्योमी गा आरिमासेन’ केलं, की दारावर आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावल्यासारखं होतं. ‘ओकोतोवारी शिमासु’, म्हणजे ‘नकार देतो’, हे व्याकरणाने सभ्य आहे. तरी अशा मेलमध्ये ते टोचतं.

मुरलेला अनुवादक इथे ‘मिओकुरु’ हे क्रियापद काढतो. मूळ अर्थ निरोप देणं, जाणाऱ्याकडे पाहत उभं राहणं. बेसबॉलमध्ये फलंदाज बॅट न फिरवता चेंडू सोडतो, त्यालाही हाच शब्द आहे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘या वेळी हे जाऊ देतो’. नाकारलं जातंय ते समोरचा माणूस नव्हे, फक्त ही संधी. तयार वाक्य असं होतं: ‘शानाइ दे शिंचो नी केंतो इताशिमाशिता गा, माकोतो नी झान्नेन नागारा, कोंकाइ वा मिओकुरासेते इतादाकु कोतो तो नारिमाशिता.’ म्हणजे, ‘आमच्याकडे आम्ही काळजीपूर्वक विचार केला, परंतु अत्यंत खेदाने, या वेळी तो सोडून देण्याचं ठरलं आहे.’

यातली सगळी कारागिरी शेपटाकडे आहे. ‘सेते इतादाकु’मुळे सोडून देण्याची जणू तुमच्याकडूनच परवानगी घेतल्यासारखं होतं. ‘कोतो तो नारिमाशिता’ म्हणजे ‘असं ठरलं’. कोणी ठरवलं, हे सांगितलेलं नाही. त्यामुळे मेल लिहिणाऱ्या खरेदी विभागातल्या माणसाशी ओसाकाच्या विक्री प्रतिनिधीचे संबंध शाबूत राहतात. आपल्याकडे ‘वरून नाही आलं’ म्हणतात, तेच काम इथे क्रियापद करतं.

वाक्याच्या आधी आभार येतात, आणि ते नुसते ‘थँक्यू’ नसतात: ‘कोनो ताबी वा गोतेइआन ओ इतादाकी, माकोतो नी आरिगातो गोझाइमासु’, म्हणजे ‘या वेळी प्रस्ताव दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार’. नंतर माफी येते: ‘गोकिताइ नी सोएझु, मोशिवाके गोझाइमासेन’, म्हणजे ‘अपेक्षेला उतरू शकलो नाही, क्षमस्व’. इथे ‘गोमेन नासाइ’ घातलं, तर घरातल्या मुलाने कप फोडल्यावर म्हणतात तसं ऐकू येईल. शेवटी त्यांच्या कंपनीच्या भरभराटीची प्रार्थना. नोकरीसाठी न निवडलेल्या उमेदवारांना जाणाऱ्या पत्रांतही हीच प्रार्थना असते, इतकी की जपानी मुलं अशा मेलला ‘ओइनोरी मेल’, प्रार्थनेचा मेल, म्हणतात.

किमतीचं काय करायचं? साहेबांच्या मजकुरात दर हेच मुख्य कारण होतं. ते स्पष्ट लिहिलं तर ओसाकाचा माणूस रागावणार नाही. तो कमी दराचं नवं कोटेशन घेऊन येईल, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. घासाघीस करायची असेल तरच दराचा उल्लेख करावा. नसेल तर ‘शानाइ नो त्सुगो नी योरि’, आमच्या अंतर्गत अडचणींमुळे, एवढं पुरतं. खोदून विचारणं तिथे सहसा होत नाही. असं कारण आपल्याला टोलवाटोलवी वाटतं, पण ते वाचणाऱ्याला प्रश्न मिटल्याचं कळतं.

आता उलट बाजू. उद्धट होण्याच्या भीतीने माणूस इतका मऊ होतो, की नकारच उरत नाही. ‘माएमुकि नी केंतो शिमासु’, म्हणजे ‘सकारात्मक विचार करतो’, असं लिहिलं तर समोरचा वाट पाहत बसतो किंवा दोन आठवड्यांनी आठवण करतो. १९६९ साली पंतप्रधान साटो वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कापड-निर्यातीच्या वाटाघाटीत त्यांनी निक्सन यांना दिलेल्या संदिग्ध उत्तराचा दुभाष्याने ठोस आश्वासन असा अनुवाद केला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिच्या खरेपणाबद्दल वाद आहे, पण अनुवादकांना ती अजून सांगितली जाते. ‘बघू, कळवतो’ हे मराठी माणसाला लगेच कळतं. लेखी जपानीत मात्र ‘मिओकुरु’ किंवा तशा ठरीव शब्दाशिवाय पत्र अर्धवटच राहतं.

‘कोंकाइ वा’, या वेळी, यातल्या ‘वा’कडेही लक्ष हवं. ‘निदान या वेळी तरी’ अशी छटा त्यात आहे, म्हणजे पुढचं दार उघडं. पुढे खरोखर संबंध ठेवायचे असतील तर त्याच्या जोडीला ‘माता नो किकाइ’, पुन्हा कधी संधी, असं लिहावं. नको असतील तर ती ओळ गाळावी आणि थेट शुभेच्छांवर यावं. फक्त सौजन्य म्हणून ती लिहिली, तर सहा महिन्यांनी नवीन कॅटलॉग येतो.

मेल बरोबर पोचला की नाही, हे उत्तरावरून कळतं. ‘शोची इताशिमाशिता’, म्हणजे ‘समजलं’, असं येऊन विषय मिटला तर अनुवाद जमला. सुधारित दरपत्रक आलं तर कारण जास्त उघड झालं होतं, आणि ‘निर्णय साधारण कधी होईल’ असं विचारलं गेलं तर नकार पुसट झाला होता.