अर्धा कोयता

पहाटे 4:30
कोप्यांपुढच्या चुली पेटल्यात. जानेवारीची थंडी. फड सांगली जिल्ह्यातला, टोळी बीडकडची. तव्यावर भाकरी, बाजूला दुपारचं गाठोडं बांधणं चालू. शूटिंगची माणसं लांब रस्त्यावर गाडीत बसून आहेत. कॅमेरा पेटीतच आहे. दिग्दर्शिकेने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलंय की सकाळची तोड होईपर्यंत कुणालाही हाक मारायची नाही. कारखान्याचा ट्रॅक्टर वेळेवर भरला नाही तर त्याचा भुर्दंड टोळीला बसतो. सिनेमासाठी तो का बसावा?

सिनेमा ऊसतोडीवर आहे. प्रसंग रचलेले, पण ते जगणारी माणसं खरी. पटकथेत संवादच नाहीत. प्रत्येक प्रसंगाला तीन-चार ओळी, तेवढ्यावर दिवस काढायचा. आजचा प्रसंग असा: बाईचं लेकरू तापलंय, तिला तालुक्याच्या दवाखान्यात जायचंय, मुकादम नको म्हणतो.

सकाळी 10:30
ट्रॅक्टर भरून गेला. मोळ्या डोक्यावरून फळीवर चढवत नेणाऱ्या बाया बांधावर टेकल्या. त्यातलीच एक आज काम करणार आहे. सगळे तिला ताई म्हणतात. पातळावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं, म्हणून हा वेष. वेषभूषेचा खर्च शून्य.

आधी पैशाचं बोलणं. टनाला 366 रुपये दर आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवसाला दोन टन पडले तर दोघांचे मिळून सातशेच्या पुढे. ताई दुपारनंतर इकडे आली की तिकडे उरतो नवऱ्याचा अर्धा कोयता. म्हणून निर्मितीचा हिशेब सांभाळणारा पोरगा वहीत दोन रकमा लिहितो: ताईचं अभिनयाचं मानधन 1500, आणि जोडीच्या बुडालेल्या तोडीची भरपाई वेगळी. दुसरी रक्कम लिहायला बरेच जण विसरतात. मग संध्याकाळी घरात भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी बाई येत नाही.

संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं जातं. त्यात एक ओळ हाताने घातली आहे: आज केलेलं चित्रण मी रात्री बघेन आणि नको ते काढायला सांगेन. ताई अंगठा उमटवत नाही, सही करते. सावकाश, अक्षर अक्षर लावून.

सकाळी 11:15
तालमीची जबाबदारी सोलापूरच्या एका रंगकर्म्यावर आहे. टोळीत त्यांचं नाव मास्तर पडलंय. मुकादमाचं काम करणारे काका पूर्वी खरोखरचे मुकादम होते. कारखान्याची उचल अंगावर घेऊन दमले आणि धंदा सोडला.

मास्तर म्हणतात, एकदा करून बघू. ताई उभी राहते. पदर डोळ्याला लावते. "मुकादम, माझ्या मुलाला खूप ताप आहे हो, मला सुट्टी द्या." आवाज चढा, भाषा पुस्तकी. हे सगळं मालिकांमधून आलेलं आहे. ती रोज बोलते त्यातला एक शब्दही यात नाही. काकाही दिग्दर्शिकेकडे तोंड करून दटावतात.

मास्तर चूक काढत नाहीत. 'नैसर्गिक बोला' असं तर मुळीच म्हणत नाहीत. ते ऐकलं की नवखं माणूस आणखी आखडतं. ते खुणा बघत राहतात. लेकराचा मुलगा झाला, ही एक खूण. दुसरी खूण हातांची. ताईचे हात दिवसभर कधी रिकामे नसतात, आणि बोलायला लागल्याबरोबर ते लोंबकळले. हात थांबले की नाटक सुरू झालं असं समजायचं.

"ताई, तिथं मोळ्या बांधायच्या राहिल्यात ना? बांधा. बोलणं नंतर."

ती बसते. हिरवं वाढं ओढते, दोन पदर एकमेकांत पिळते, उसाखालून सारते, गुडघा मोळीवर रोवते आणि गाठ आवळते. दुसरी मोळी. तिसरी. चौथ्या मोळीला काका सहज विचारतात, "लेकरू कसंय गं?" ती मान वर न करता सांगते, "रातभर फणफणलंय." मास्तर मागे दिग्दर्शिकेकडे बघतात. आवाज सापडला.

दुपारी 12:30
जेवण. भाकरी, ठेचा, वांग्याचं कोरड्यास. युनिटसाठी शहरातून डबे मागवायचे नाहीत, असाही इथला नियम. टोळीतल्याच दोन घरांना जेवणाचे पैसे दिलेत, सगळे एकत्र बसतात.

जेवताना ताई प्रसंगच बदलून टाकते. "सुट्टी कोन मागतंय? मागून भेटती व्हय?" मग काय करशील, असं दिग्दर्शिका विचारते. ताई सांगते, मुकादमापुढे जाऊन उभं राहायचं नाही. तो फडात येईल तेव्हा काम करता करता सांगायचं: उद्या माझा अर्धा कोयता धरा, परवा वाढे विकायला न जाता तेवढ्या मोळ्या भरून देते. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी विकून बाईला चार पैसे वर मिळतात. ते सोडायची तयारी ती आधीच दाखवते. काका मान डोलावतात. "आसंच करत्यात. समोर येऊन कुनी रडत न्हाई."

दिग्दर्शिका वहीतला प्रसंग खोडते. विनवणीचा प्रसंग आता सौद्याचा झाला. हे मुंबईत बसून सुचलं नसतं.

दुपारी 2:00
मास्तर दोघांना वेगवेगळं बाजूला घेतात. दोघांना सारखी माहिती द्यायची नाही, हा या कामाचा गाभा. इंग्रज दिग्दर्शक केन लोच प्रसंग क्रमाने चित्रित करत आणि नटांना पुढचं थोडं थोडंच कळू देत. नटाला धक्का आधीच ठाऊक असेल तर तो वठवून दाखवावा लागतो. सराईत नट ते करू शकतो. ताईकडून ते मागणं चुकीचं आहे.

ताईला मास्तर एवढंच सांगतात: उद्याचा अर्धा कोयता मिळवूनच सोडायचा. रडायचं की चिडायचं, यावर एक शब्द नाही.

काकांना दोन गोष्टी सांगतात. एक, वाहतूकदाराचा सकाळी फोन आला होता, उद्या दोन गाड्या भरायच्यात. दुसरी, या बाईच्या सिनेमातल्या नवऱ्याने गेल्या आठवड्यात तुमच्याकडून आणखी पाच हजार उचललेत आणि बायकोला सांगितलेलं नाही. हे केव्हा बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

इथे एक पथ्य आहे. मास्तर ताईला आधी विचारतात, "काका तुला माहीत नसलेलं काहीतरी बोलतील. खोटं आहे, सिनेमातलं आहे. चालेल ना?" ती चालेल म्हणते. ताईच्या खऱ्या घरावर उचल किती आहे हे युनिटला ठाऊक आहे, म्हणून आकडा मुद्दाम वेगळा घेतलाय. पात्राला नावही वेगळं आहे, ते तिनेच निवडलं. जेवताना बोलली ती 'मी', फडात बोलेल ती दुसरी. ही रेघ पुसली गेली तर त्या माणसाला रात्री झोप लागत नाही.

दुपारी 3:15
एक मुलगी ताईच्या शर्टाच्या आत, कॉलरखाली, वैद्यकीय चिकटपट्टीने छोटा माइक लावते. पाचटाची सळसळ इतकी असते की लांबच्या माइकमध्ये बोलणं बुडून जातं. कमरेची डबी घामाने बंद पडू नये म्हणून कापडात गुंडाळली आहे.

कॅमेरे दोन. सुचेल तसं बोललेलं पुन्हा तसंच बोलता येत नाही, म्हणून एका कॅमेऱ्यावर भागत नाही. आणि पहिल्या खेपेला दोन्ही कॅमेरे ताईवर. पाच हजारांची बातमी तिला एकदाच कळणार आहे. काकांचा चेहरा नंतरही घेता येईल. कॅमेरे लांब लावलेत, मोठ्या भिंगाचे. कोयत्याच्या वाऱ्यात कुणी उभं राहायचं नाही, हे त्याचं एक कारण. ताईला जवळ माणूस दिसू नये, हे दुसरं.

दुपारी 4:10
ऊन तिरपं झालं. 'अॅक्शन' कुणी ओरडत नाही. ताई तोडायला लागते, दिग्दर्शिका नुसता हात वर करते. पाटीसुद्धा शेवटी, उलटी धरून दाखवायची. सुरुवातीला पाटी वाजली की माणूस दचकतं आणि पुढची दोन मिनिटं वाया जातात.

बुडख्याशी घाव. ऊस आडवा. शेंडा छाटला. पुढचा. काका पाचट तुडवत येतात.

"उद्या माजा अर्धा धरा."

"दोन गाड्या हायत्या उद्या."

"परवा वाढ्याला जात न्हाई. भरून देते."

काका लगेच बोलत नाहीत. एक ऊस उचलतात, शेंडा राहिलाय म्हणून परत टाकतात. ही त्यांची जुनी सवय, कुणी सांगितलेली नाही. मग हळू आवाजात, "मालकाला इचार. पाच हजार नेलेत त्यानं. फेडायचे कधी?"

ताईचा हात थांबत नाही. कोयता आणखी दोनदा चालतो, तिसऱ्यांदा ऊस तुटत नाही, नुसता चेपतो. ती त्याच जागी पुन्हा घाव घालते. "कव्हा नेले?" एवढंच विचारते. काका दिवस सांगतात. ती मोळीवर गुडघा रोवते आणि म्हणते, "मंग उद्या त्यालाबी धरू नका. दोघंबी जातो लेकराला घेऊन."

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. काकांकडे उत्तर नाही. ते आल्या वाटेने परत जातात. पाटी उलटी. दिग्दर्शिका "पुन्हा" म्हणत नाही.

संध्याकाळी 5:00
आता काकांची बाजू. ताई कॅमेऱ्यामागे उभी राहून तिची वाक्यं बोलते. दुसऱ्या खेपेला काका थोडे खलनायक होतात, भुवया चढवतात. मास्तर जवळ जाऊन फक्त फोनची आठवण देतात: दोन गाड्या भरल्या नाहीत तर तुमचं काय होईल? तिसऱ्या खेपेला ते तिला दटावत नाहीत, अजिजी करतात. तीच ठेवायची ठरते. मग मोळी बांधणाऱ्या हातांचं जवळून चित्रण, संकलनात दोन खेपा जोडायला ते लागतं. शेवटी सगळ्यांनी गप्प राहून मिनिटभर फडाचा नुसता आवाज. तोडलेला ऊस उद्याच्या गाडीत जाईल, नवऱ्याने मोजून ठेवलाय.

संध्याकाळी 6:30
पैसे हातावर, रोख, आजचे आजच. सही. काकांनाही तेवढंच मानधन. मुख्य भूमिका, दुय्यम भूमिका असा भेद इथे ठेवलेला नाही. ठेवू नयेच, संध्याकाळी सगळी एकाच चुलीपाशी बसतात.

रात्री 8:00
लॅपटॉप पेटीवर ठेवलाय. ताई, तिचा नवरा, काका, शेजारच्या कोपीतल्या बाया. ताई बघताना तोंडावर पदर धरून हसते. मग एके ठिकाणी थांबवायला सांगते. कुठल्याशा खेपेत तिच्या तोंडून गावाकडच्या एका खऱ्या सावकाराचं नाव गेलंय. ते काढायचं. सहायक तिच्यासमोरच नोंद करतो. वाद घालत नाही.

मग शेवटचं काम. आवाज बंद करून चित्रण पुन्हा लावतात, ताईपुढे माइक. त्या बाईच्या मनात काय चाललंय ते बघता बघता बोलायचं. झाँ रूश या फ्रेंच दिग्दर्शकाने आबिजानच्या मजुरांबरोबर 1958 च्या 'मोआ, अँ न्वार'मध्ये हीच वाट धरली होती. मुकं चित्रण बघत मजुरांनीच त्यावर बोलायचं. ताई आधी गप्प बसते. मग कोयता अडखळतो तिथे बोलायला लागते. नवऱ्यावर राग नाही. पाच हजारांत कुठलं औषध, कुठलं भाडं, किती उरले असतील, याचा हिशेब ती मनात मांडते आहे.

नवरा उठून बाहेर जातो, विडी ओढून परत येतो. मास्तर त्याच्याशेजारी जाऊन बसतात. हेही कामातच धरलेलं आहे.

रात्री 9:15
उद्या पहाटे चारला उठायचंय, म्हणून आवरतात. दिग्दर्शिका वहीत श्रेयनामावलीचं पान उघडून दोन नोंदी करते. अभिनयाखाली ताई आणि काका. संवादाखालीही ताई आणि काका. संवादलेखनाचं मानधन वेगळं लागेल, ते या हंगामाचा पट्टा पडायच्या आत दोघांना द्यायचं आहे.