क्रेडिट नाकारलं? आधी तारीख बघा

समजा, हार्डवेअरच्या एका दुकानदाराला 2018-19 चं चार लाखांचं इनपुट टॅक्स क्रेडिट नाकारल्याचा आदेश 10 जानेवारीला मिळाला. कारण एकच, रिटर्न उशिरा भरलं. जीएसटी कायद्याच्या कलम 107 प्रमाणे अपिलाला तीन महिने, म्हणजे 10 एप्रिलपर्यंत मुदत. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना. त्यापुढे अपील अधिकाऱ्याचेही हात बांधलेले.

‘आदेश अन्यायकारक आहे’ एवढ्याने अपिलात भागत नाही. ‘कलम 16(5) नुसार त्या वर्षाचं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2021 पर्यंत भरलेल्या रिटर्नमध्ये चालतं, आमचं मार्च 2020 मध्ये भरलं,’ असं नेमकं लिहावं, पावती जोडावी. वादातल्या कराचे दहा टक्के, इथे चाळीस हजार, आधी भरावे लागतात.

आदेश पोर्टलवरच येऊन पडतो. आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करून बघा.