खिडकी तीच, ओटा नवा

आमच्या स्वयंपाकघराचं काम 26 दिवस चाललं. जुना कडाप्प्याचा ओटा निघाला, नळाच्या पाइपांसाठी भिंतींना झिऱ्या पाडल्या, नवी फरशी आली. या सगळ्याच्या 140 क्लिप्स चार फोनांत विखुरल्या होत्या: माझ्या, ताईच्या, भाच्याच्या आणि गवंडीकाकांच्या. त्यातून दीड मिनिटाचा ‘आधी आणि नंतर’ व्हिडिओ करायचा होता. पण ‘आधी’चं चित्रण नेमकं कोणीच केलेलं नव्हतं.

बहुतेक घरांत असंच होतं. पहिली क्लिप घेतली जाते ती हातोडा पडल्यावर. मग जुनं रूप शोधायचं ते दुसऱ्याच कशात तरी. आम्हाला ते बाबांच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत सापडलं. आई ओट्याशी वाकून कणीक मळत होती, मागे खिडकीची जाळी, वर तुळई. हात स्थिर असलेले चार सेकंद मिळाले आणि तेच पुरेसे होते. सगळा व्हिडिओ मी याच चौकटीभोवती बांधला. ती आडवी होती, म्हणून व्हिडिओही आडवाच ठरवला.

क्लिप्स गोळा करताना आमची पहिली चूक झाली. सगळ्यांनी त्या नेहमीसारख्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. तसं केलं की चित्राचा दर्जा उतरतो आणि तारखेचाही घोळ होतो. VID-20240512-WA0003.mp4 अशा नावातली तारीख फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फोनमध्ये आली त्या दिवसाची असते, चित्रण कधी झालं ते तिच्यावरून कळत नाही. गवंडीकाकांनी तीन आठवड्यांचं काम एका संध्याकाळी पाठवलं, त्यामुळे सगळं एकाच दिवशी झाल्यासारखं दिसत होतं. मग त्याच क्लिप्स ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवल्या. अशा पाठवल्या की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

ज्यांचे मूळ व्हिडिओ पुसले गेले होते, त्यांचा क्रम कामावरूनच लावला. एका क्लिपमध्ये खिडकीखाली उघडी झिरी दिसत होती, म्हणजे ती प्लास्टरच्या आधीची. दुसरीत टाइल्स बसल्या होत्या, पण फटी भरलेल्या नव्हत्या. भिंत स्वतःच सांगते, फक्त नीट पाहावं लागतं.

आता ‘नंतर’चं चित्रण. यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण दोन्ही दृश्यं एकाच जागेवरून दिसली तरच बदल डोळ्यांत भरतो. दोन पावलं मागे राहून झूम केलं की चौकट सारखी वाटते, पण जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं प्रमाण बदलतं. 0.5 ची रुंद भिंग वापरली तर कडेच्या भिंती ताणल्या जातात. म्हणून जुनी चौकट ताईच्या फोनवर उघडून शेजारी धरली आणि जे बदललं नव्हतं त्यावर नेम धरला: जाळीचा डावा कोपरा, तुळईची खालची कड, दाराची चौकट. जाळी आणि तुळई यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखं दिसेपर्यंत मागेपुढे सरकले. जुनं चित्रण सकाळचं होतं, म्हणून नवंही सकाळीच, ट्यूबलाइट बंद ठेवून केलं. चित्रण 4K मध्ये आणि मुद्दाम थोडं सैल घेतलं. 1080p च्या व्हिडिओत ते दुपटीपर्यंत मोठं केलं तरी फुटत नाही, त्यामुळे जुळवताना कापायला जागा राहते.

जोडणी काइनमास्टरसारख्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये होते, फक्त त्यात एकावर एक थर ठेवता आले पाहिजेत. नव्या दृश्यावर जुनं ठेवायचं, त्याची पारदर्शकता निम्मी करायची आणि जाळीवर जाळी बसेपर्यंत खालचं चित्र सरकवायचं. जाळीची रेघ दुहेरी दिसते तोवर जुळलेलं नाही. जाळी बसूनही तुळई दुहेरी राहिली, तर उभं राहण्याची जागाच चुकली आहे. सरकवत बसू नये, पुन्हा चित्रण करावं. मला तीनदा करावं लागलं.

मधल्या कामाला साठ-पासष्ट सेकंद दिले आणि प्रत्येक क्लिपला दोन-तीन सेकंद. उभ्या क्लिप्सपैकी ज्यांतली महत्त्वाची गोष्ट मधोमध होती, तेवढ्याच कापून आडव्या केल्या. बाकीच्या सोडल्या. गाणं सुरुवातीपासून लावलं नाही. टाइल कापण्याच्या मशीनचा आवाज दोन ठिकाणी तसाच ठेवला, कारण त्या 26 दिवसांत घरात तोच घुमत होता.

शेवटी जुनं दृश्य एका सेकंदात नव्यात विरघळतं. जाळी हलत नाही, तुळई हलत नाही. ओट्याची कड मात्र चार इंच वर सरकते, कारण जुना ओटा 30 इंचांचा होता आणि नवा 34 चा केला. ‘नंतर’साठी आईला त्याच जागी कणीक मळायला उभं केलं होतं. त्या एका सेकंदात वाकलेली आई ताठ होते.